बातमी कोण अडवतं आणि कोण पुढे सोडतं? संपादक आणि अल्गोरिदमबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मराठी न्यूज साइटच्या डेस्कवर काम करतो असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. असल्या फालतू बातम्या का टाकता, आणि चांगल्या बातम्या का टाकत नाही. यातली दुसरी तक्रार ऐकताना जरा हसू येतं कारण ती चांगली बातमी बऱ्याचदा आम्ही टाकलेली असते, चार दिवसांपूर्वी टाकलेली असते, ती फक्त त्या माणसाच्या मोबाइलपर्यंत पोचलेली नसते. टाकणं आणि पोचणं याच्या मध्ये काय काय होतं यावर इतके मेसेज येतात की एकदाच लिहून ठेवतो.

गेटकीपिंग म्हणजे काय? हे सगळं इंटरनेट आल्यावर सुरू झालं का?

नाही हो, खूप जुनं आहे. सगळ्या बातम्या सगळ्यांपर्यंत जाऊच शकत नाहीत, कुठेतरी कोणीतरी ठरवतं की ही आत घ्यायची आणि ही नाही, तेवढंच आहे ते. यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९५० साली छापून आला, डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने केलेला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया म्हणून एक मध्यम गाव आहे, तिथल्या सकाळच्या पेपरात वृत्तसंस्थांकडून तारेने आलेल्या बातम्या निवडणारा एक संपादक होता. त्याला व्हाइटने सांगितलं की आठवडाभर जेवढ्या बातम्या तू टाकून देशील त्या फेकू नकोस, जपून ठेव आणि प्रत्येकीवर लिही की का नाकारलीस. अभ्यासात त्या संपादकाचं नाव 'मिस्टर गेट्स' ठेवलं. आठवड्याच्या शेवटी कळलं की आलेल्या मजकुरातला जेमतेम एक दशांश भाग छापला गेला होता. आणि कारणं काय, तर जागा नाही, उशिरा आली, आधीच एक घेतलीय, हा प्रचार वाटतो, मला हे पटत नाही. आपल्याकडे रात्री अकराला पान सोडायच्या घाईत बसलेल्या मुख्य उपसंपादकाला विचारा, हीच कारणं सांगेल.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल: मिस्टर गेट्सने कारण लिहून ठेवलं होतं. चुकीचं असेल, पूर्वग्रहाचं असेल, पण कागदावर होतं आणि त्याला त्याबद्दल विचारता येत होतं.

मग आता संपादक गेला आणि त्याच्या जागी अल्गोरिदम आला, असंच ना?

असं सरळ नाहीये. संपादक आहेच, बातमी घ्यायची की नाही, हेडिंग काय, पुश नोटिफिकेशन पाठवायचं का हे अजून माणूसच ठरवतो. पण त्याच्यानंतर आणखी गेटं आलीत आणि ती आमच्या ऑफिसात नाहीत. गूगलच्या सर्चचं एक, फोनवर न शोधता बातम्यांची कार्डं दाखवणाऱ्या गूगल डिस्कव्हरचं एक, फेसबुकच्या फीडचं एक, डेलीहंटसारख्या अॅपचं एक. आणि आमच्यानंतरच्या या सगळ्या गेटांना मी दुसरं गेट म्हणतो, त्याच्यामागेपण शेवटी माणूसच असतो, फरक एवढाच की त्याने निर्णय आज तुमच्या बातमीकडे बघून घेतलेला नसतो, तो सहा महिन्यांपूर्वी एक आकडा किंवा एक नियम म्हणून कुठेतरी लिहून ठेवलेला असतो आणि तुमची बातमी नुसती त्या नियमातून जाते. हे एकदा डोक्यात बसलं की माणूस चांगला की मशीन चांगलं या भांडणात फार अर्थ राहत नाही. विचारायचं ते हे की आकडा कोणी ठरवला आणि तो बदलायला कोणाला फोन करायचा.

याचं एखादं खरं उदाहरण आहे का जिथे दोन्ही बाजू दिसतात?

आहे, आणि माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही: फेसबुकचं 'ट्रेण्डिंग'. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालं आणि पहिल्या काही देशांत भारतपण होता. कॉम्प्युटरवर फेसबुक उघडलं की उजव्या बाजूला छोटी यादी दिसायची, आत्ता लोक कशाबद्दल बोलतायत त्याची. सगळ्यांना वाटायचं की हे आपोआप होतंय, कारण कंपनीचं बोलणंच तसं होतं.

मे २०१६ मध्ये गिझमोडो या साइटने बातमी दिली की त्या यादीमागे न्यूयॉर्कमध्ये बसलेली कंत्राटी पत्रकारांची टीम आहे, आणि त्यातल्या एका माजी माणसाने सांगितलं की उजव्या विचारांच्या अमेरिकन वाचकांना आवडणाऱ्या बातम्या यादीत घेतल्या जात नव्हत्या. एकच गोंधळ झाला. सिनेटर जॉन थून यांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला, झुकरबर्गने उजव्या गटातल्या लोकांना बोलावून मीटिंग घेतली. मग गार्डियनने त्या टीमची आतली नियमावलीच छापली आणि काम कसं चालायचं ते लोकांना पहिल्यांदा दिसलं.

काम असं होतं. अल्गोरिदम आधी शोधून काढायचा की कुठल्या विषयावर अचानक बोलणं वाढलंय. मग टीममधला माणूस ते बघायचा की हा खऱ्या घटनेचा विषय आहे की नुसताच शब्द वर आलाय, कारण दुपारी जेवणाच्या वेळी 'लंच' हा शब्दपण वाढतोच की. खरा असला तर तो मंजूर करून नाव द्यायचा आणि खाली दोन ओळींची माहिती लिहायचा. एखादा विषय दुबार आला असेल किंवा त्यात काही घटनाच नसेल तर तो काही काळ बाजूला टाकायची सोय होती. आणि उलटी सोयपण होती, बातमी मोठी आहे पण अल्गोरिदमला अजून कळलेलं नाही तर ती बाहेरून यादीत घालता यायची. मोठी आहे हे कशावरून ठरवायचं? तर बीबीसी, सीएनएन, फॉक्स, न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन अशी दहा नावं ठरलेली होती, त्यांतल्या निदान पाच जणांनी ती लीडला, म्हणजे सगळ्यात वर घेतली असेल तर ती राष्ट्रीय महत्त्वाची. शिवाय पडताळणीसाठी हजारएक साइट्सची वेगळी यादी.

थोडक्यात हे एक साधं न्यूजडेस्क होतं. फक्त दारावर तशी पाटी नव्हती.

म्हणजे माणसं पक्षपात करत होती हे सिद्ध झालं ना?

कंपनीने स्वतःच्या चौकशीत सांगितलं की पद्धतशीर पक्षपाताचा पुरावा मिळाला नाही, डाव्या-उजव्या दोन्हीकडचे विषय साधारण सारख्याच प्रमाणात मंजूर झाले होते. एखाद्याने वैयक्तिक पातळीवर काही केलं असेल ही शक्यता त्यांनी नाकारली नाही. अर्थात आरोपीनेच केलेली चौकशी आहे, तुम्ही किती विश्वास ठेवायचा ते ठरवा. मला स्वतःला पक्षपातापेक्षा लपवालपवी जास्त खटकते. पेपरचा संपादक पक्षपाती असला तर तुम्हाला त्याचं नाव माहीत असतं, पत्र लिहिता येतं, पेपर बंद करता येतो. इथे लोकांना वाटत होतं की ही जनतेची आवड आहे.

मग त्यांनी माणसं काढून टाकली, तेव्हा सुधारलं का?

इथूनच खरी गोष्ट सुरू होते. आधी मे महिन्यात त्यांनी ती दहा नावांची आणि हजार साइट्सची यादी वापरणं बंद केलं, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. मग २६ ऑगस्ट २०१६ ला, शुक्रवारी, संपादकांची टीमच काढली. विषयाखालची दोन ओळींची माहिती गेली, राहिला फक्त विषय आणि किती लोक बोलतायत तो आकडा. कंपनीने सांगितलं की काही लोक अजून बघतील, पण त्यांनी फक्त नियमाप्रमाणे तपासायचं, लिहायचं काही नाही.

शनिवार-रविवार गेला. सोमवार उजाडायच्या आत ट्रेण्डिंगमध्ये वर बातमी होती की फॉक्स न्यूजने आपली अँकर मेगिन केली हिला हिलरी क्लिंटनला पाठिंबा दिला म्हणून हाकलून दिलं. साफ खोटी. कोणी हाकललेलं नव्हतं. कुठल्याशा साइटवरचा मजकूर पसरत पसरत इथपर्यंत आला होता.

ती आत शिरली कशी, याचं उत्तर फेसबुकने नंतर दिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले की मंजूर करताना हा विषय अटीत बसत होता, कारण त्याबद्दल पुरेसे लेख उपलब्ध होते. आता बघा, आधी माणूस काय करायचा, त्या यादीतल्या मोठ्या नावांपैकी कोणी ही बातमी घेतलीय का ते बघायचा. केली प्रकरणात तर स्वतः फॉक्सच त्या यादीत होतं, म्हणजे ज्यांच्याबद्दलची बातमी त्यांच्याच पानावर नाही हे बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात खेळ संपला असता. तो नियम काढला होता आणि त्याजागी 'पुरेसे लेख आहेत का' हा नियम होता. खोटी बातमी तर एकमेकांची उचलूनच वाढते, त्यामुळे तिच्याकडे लेखांची कमी कधीच नसते. मशीन बिघडलं नव्हतं. सांगितलं होतं ते बरोबर करत होतं.

पुढे जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी एका भागातल्या सगळ्यांना सारखीच यादी दाखवायला सुरुवात केली, विषयासोबत एखाद्या प्रकाशकाचं हेडिंगपण यायला लागलं. जून २०१८ मध्ये अख्खं ट्रेण्डिंगच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पण अल्गोरिदमला पक्ष नसतो, जात नसते, मग तो चुकतो कसा?

पक्ष नसतो, पण वजनं असतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा काळा तरुण मेला आणि आंदोलन पेटलं. अभ्यासक झेनेप तुफेक्ची यांनी तेव्हा लिहिलं की त्यांच्या ट्विटरवर ते भरून वाहत होतं आणि फेसबुकवर मात्र बर्फाच्या बादल्या डोक्यावर ओतून घेणारे लोक दिसत होते, ते आइस बकेट चॅलेंज. फेसबुकवर तेव्हा एकच बटण होतं, लाइक. बादली ओतणाऱ्या मित्राला लाइक करायला कोणाला जड जातं? गोळीबाराच्या बातमीला लाइक कोण करणार, हात अडखळतोच ना. त्यामुळे एक वर आणि एक खाली, कोणी ठरवून दाबलेलं नसताना.

मग २०१६ ला हसरा, रडका, रागीट असे चेहरे आले. वॉशिंग्टन पोस्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये आतल्या कागदपत्रांवरून दिलं की २०१७ पासून या चेहऱ्यांना लाइकच्या पाचपट वजन दिलेलं होतं. रागालासुद्धा पाच. कंपनीतल्याच लोकांनी सांगितलं की राग मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटं आणि विखारी जास्त असतं, तेव्हा वजन टप्प्याटप्प्याने कमी करत २०२० मध्ये रागाचं शून्य केलं. पाच ठेवायचं की शून्य, हा संपादकीय निर्णय आहे. पेपरात याला आपण धोरण म्हणतो आणि त्यावर संपादकांच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात.

माणूस आणि मशीन नीट जोडीने चालतात असं कुठे आहे का?

स्वीडनमध्ये स्टॉकहोमला स्वेन्स्का डागब्लाडेट म्हणून जुना पेपर आहे, १८८४ पासूनचा. त्यांनी साइटचं होमपेज दहाएक वर्षांपूर्वी बहुतांश अल्गोरिदमकडे दिलं, पण देताना एक शहाणपणा केला. प्रत्येक बातमी टाकताना माणसाने दोन गोष्टी भरायच्याच. एक, बातमीचं मोल, १ ते ५ मध्ये. दोन, आयुष्य, म्हणजे ती लवकर शिळी होणारी आहे, मध्यम की बरेच दिवस चालणारी. मग पान लावायचं काम मशीन करतं, वेळ आणि वाचकांची वागणूकपण धरतं, पण महत्त्व किती हे त्याला क्लिकवरून शोधावं लागत नाही, ते पत्रकाराने सांगितलेलं असतं.

मला हे आवडतं कारण मिस्टर गेट्सची चिठ्ठी परत आली. कोणी किती मोल दिलं ते नोंदलेलं राहतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये विचारता येतं की काल अमुक बातमीला तू दोनच का दिले रे.

आकड्यांत समजावून सांगाल का?

सांगतो, पण आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, त्यांचं खरं गणित वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं असणार. आपल्याकडचंच घेऊ. पावसाळ्यातली सकाळ, सहा वाजलेत आणि डेस्कवर दोन बातम्या आहेत. एक, खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढवला. दुसरी, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांवर मोठा रिपोर्ट, २०१९ ला गाजलेला तो विषय, आता परत जाऊन त्या बायकांना भेटून केलेला.

विसर्गाला मोल ४.५ आणि आयुष्य कमी, समजा दर दोन तासांनी निम्मं होतं. ऊसतोडच्या रिपोर्टला ३ आणि आयुष्य जास्त, चोवीस तासांनी निम्मं.

```
सकाळी ६   विसर्ग ४.५    ऊसतोड ३.०
सकाळी ८   विसर्ग २.२५   ऊसतोड २.८
सकाळी १०  विसर्ग १.१    ऊसतोड २.७
```

सहाला नदीकाठच्या माणसाला आधी विसर्ग दिसतो, दिसायलाच हवा, आठच्या आत रिपोर्ट वर येतो आणि दिवसभर वर राहतो. फक्त क्लिकवर सोडलं असतं तर ऊसतोडचा रिपोर्ट बहुधा दुपारपर्यंत पानावरून उतरलाच असता, कारण दोन हजार शब्दांची बातमी बसमध्ये उभं राहून कोणी पहिल्या तासात उघडत नाही, लोक ती रात्री जेवण झाल्यावर वाचतात.

मग यात गडबड कुठे होते?

वरच्याच उदाहरणात बघा. साडेसातला पाटबंधारे खात्याने विसर्ग पाच हजार क्युसेकवरून पंचवीस हजार केला. रिपोर्टरने काय केलं, जुन्याच बातमीत आकडा बदलला, हेडिंग बदललं आणि सेव्ह केलं, कारण नवी बातमी केली तर जुन्या लिंकवर जमलेलं सगळं जातं. पण मशीनसाठी ती बातमी सहाचीच आहे. तिचं वय दीड तास, मोल २.७ च्या आसपास आणि घसरतंय. म्हणजे पाणी पाचपट वाढलं आणि बातमी खाली चाललीय.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पहाटे घरांत पाणी शिरलं होतं आणि आम्हाला आधी कळवलं नाही हीच रहिवाशांची मोठी तक्रार होती, ती प्रशासनाबद्दल होती पण अशा वेळी न्यूज साइटवर ही बातमी चौथ्या नंबरला असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

ही चूक ओळखायची खूण अशी की बातमीच्या खाली अपडेटची वेळ ताजी दिसते आणि पानावरची जागा मात्र उतरत जाते. उपाय साधा आहे, अपडेट करणाऱ्याने मोल आणि वेळ पुन्हा भरायची किंवा शिफ्ट इनचार्जने बातमी हाताने वर ठोकायची. पण त्यासाठी पहाटेच्या शिफ्टला होमपेजकडे बघणारा माणूस हवा, आणि होमपेज आपोआप लागतं म्हटल्यावर पहिल्यांदा कपात होते ती त्याच माणसाची. दुसरी गडबड म्हणजे प्रत्येकाला आपली बातमी पाचाचीच वाटते. सगळ्यांनीच पाच भरले की तो आकडा असून नसल्यासारखा, मग मशीन परत क्लिककडेच वळतं.

मराठी साइट्सवर असं मोल वगैरे भरतात का?

मी जिथे जिथे काम केलं तिथे होमपेज हातानेच लागायचं. पण खरं सांगायचं तर होमपेजवर येतं कोण? मराठी वाचक आमच्याकडे येतो तो गूगलवरून, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून. त्यामुळे आमचं मोठं गेट म्हणजे गूगल डिस्कव्हर. अँड्रॉइड फोनवर गूगल अॅप उघडल्यावर किंवा बऱ्याच फोनवर होमस्क्रीन उजवीकडे सरकवल्यावर जी कार्डं दिसतात ना, फोटो आणि खाली हेडिंग, ते. तुम्ही काही शोधलेलं नसतं, त्यानेच तुम्हाला आणून दिलेलं असतं.

डिस्कव्हरमध्ये बातमी जायला काय करावं लागतं?

अर्ज नाही, फी नाही. पान गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे त्याने नोंदवलेल्या पानांच्या यादीत असलं आणि त्यांच्या धोरणात बसलं की ते पात्र, एवढंच. मोठा फोटो हवा, निदान १२०० पिक्सेल रुंद, आणि तो मोठा दाखवायला परवानगी द्यायची म्हणून पानाच्या कोडमध्ये ही ओळ असते:

```
<meta name="robots" content="max-image-preview:large">
```

हेडिंगमध्ये माहिती लपवून लोकांना ओढू नका असं गूगल स्वतः लिहितं. आणि तरी तुमच्या डिस्कव्हरला 'अभिनेत्रीने केलं असं काही की...' दिसतंच, का ते तुम्हीच त्यांना विचारा, आम्हाला ते उत्तर देत नाहीत.

एखादी बातमी का चालली आणि दुसरी का नाही, हे तुम्हाला कळतं का?

नाही. सर्च कन्सोल म्हणून गूगलचं टूल आहे, त्यात डिस्कव्हरचा वेगळा रिपोर्ट येतो, तोही ठरावीक प्रमाणात दिसलात तरच. त्यात कळतं की कार्ड किती वेळा दिसलं आणि किती जणांनी दाबलं. का दिसलं, कोणाला दिसलं, काल दुपारनंतर का दिसायचं बंद झालं यातलं काही नाही. आलेख असा असतो की एक दिवस उभा सुळका आणि तिसऱ्या दिवशी जमिनीला. मग डेस्कवर अंदाजाचा धंदा सुरू होतो. कोणी म्हणतं फोटोत चेहरा मोठा हवा, कोणी म्हणतं हेडिंगमध्ये आकडा हवा, कोणी म्हणतं सकाळी सातच्या आत टाका, आणि जे एकदा चाललं ते पुढचे दोन महिने सगळे करत बसतात. गेटाचे नियम माहीत नसले की माणूस नियमांपेक्षा जास्त वाकतो, हे मी रोज बघतो.

लाडक्या बहिणीच्या हप्त्याची बातमी रोज का असते? कंटाळा येत नाही का?

येतो! पण हे नीट समजून घेण्यासारखं आहे कारण इथे दोन्ही गेटं एकमेकांना कशी ढकलतात ते दिसतं. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, पात्र महिलांना महिन्याला १५०० रुपये. पैसे कधी येणार हा खराखुरा प्रश्न आहे, त्या १५०० वर कोणाचं तरी गॅस सिलेंडर आणि पोरांच्या वह्या अवलंबून असतात, त्यामुळे लोक शोधतात आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता बरेच जण मराठीत टाइप करत नाहीत, `ladki bahin yojana` असं इंग्रजी अक्षरांत शोधतात. म्हणून मराठी साइट्स हेडिंगच्या सुरुवातीला तेच इंग्रजी अक्षरांत लिहायला लागल्या. शोध वाढला की गूगल ट्रेण्ड्सवर विषय वर येतो, सकाळच्या मीटिंगमध्ये एसइओवाला, म्हणजे बातम्या सर्चमध्ये वर आणायचं काम बघणारा, सांगतो की हा कीवर्ड वर आहे, एक कॉपी करा, म्हणजे यावर एक बातमी लिहा. नवीन माहिती काय आहे? काही नाही. मग कॉपी होते 'या तारखेला हप्ता येण्याची शक्यता, समोर आली मोठी अपडेट', आणि आत पाचव्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की सरकारने अद्याप अधिकृत तारीख जाहीर केलेली नाही. वाचते ती बाई, तिला उत्तर मिळत नाही, ती परत शोधते. शोध अजून वाढतो. संध्याकाळी दुसरी कॉपी.

ज्या संपादकाने ती घेतली तो म्हणतो वाचकांची मागणी होती, अल्गोरिदम म्हणतो माझ्याकडे लेख भरपूर होते. केली प्रकरणासारखंच, 'पुरेसे लेख' होते. याच्यावर एका डेस्कवर मी चांगला तोडगा बघितलाय, त्यांनी एकच पान ठेवलं, वर मोठ्या अक्षरात 'तारीख जाहीर झाली का? नाही' आणि खाली शेवटचा हप्ता कधी आला ते, आणि खरंच काही बदललं तरच ते अपडेट करायचे. ट्रॅफिक कमी मिळालं, तेही सांगतो.

मग डेस्कने आकडे बघूच नयेत का?

बघावेत की. आकडे बघूनच कळतं की शेतकऱ्यांसाठीची बातमी आपण दुपारी बारा वाजता टाकतोय जेव्हा माणूस शेतात आहे. प्रश्न असा की कुठला आकडा कशासाठी बघायचा. किती जणांनी उघडलं यावरून हेडिंग कसं होतं ते कळतं, बातमी कशी होती ते नाही. किती जण शेवटपर्यंत वाचत गेले आणि परत आले, ते बघा. आणि बातमी घ्यायची की नाही हे मीटिंगमध्ये ठरतं तेव्हा कुठली बातमी किती चाललीय ते दाखवणारा डॅशबोर्डचा टीव्ही बंद ठेवा, हे माझं वैयक्तिक मत, आमचे साहेब सहमत नाहीत.

प्रत्येकाला वेगवेगळ्या बातम्या दिसतात हे खरं का?

डिस्कव्हर आणि फेसबुकवर हो, बऱ्यापैकी. सर्चमध्ये लोक समजतात तेवढं नाही, मोठ्या बातमीला सगळ्यांना साधारण त्याच मोठ्या साइट्स वर दिसतात. त्यातून उलटाच प्रॉब्लेम होतो, गावातल्या छोट्या पोर्टलने आधी दिलेली बातमी मोठ्या साइटने उचलली की वर मोठी साइट दिसते.

वाचक म्हणून मी काय करू शकतो?

एकदा असं करा. रात्री एखाद्या साइटचं होमपेज पत्ता टाइप करून उघडा, शेजारी दुसऱ्या फोनवर डिस्कव्हर उघडा आणि त्याच साइटच्या कुठल्या बातम्या दोन्हीकडे आहेत ते बघा. ज्या होमपेजवर वर आहेत आणि तुमच्या फीडमध्ये कधीच येत नाहीत, त्या डेस्कने निवडल्या होत्या आणि दुसऱ्या गेटावर राहिल्या. ज्या फीडमध्ये आहेत आणि होमपेजवर शोधूनही सापडत नाहीत, त्या डेस्कने फीडसाठीच केलेल्या आहेत, आणि यावरून त्या साइटचं खरं धोरण तुम्हाला कुठल्याही अग्रलेखापेक्षा लवकर कळेल.

नको असलेल्या कार्डावर तीन टिंबं असतात, ती दाबून हा विषय नको किंवा या साइटचं नको असं सांगता येतं, त्याचा परिणाम काही दिवसांत दिसतो. राग आला म्हणून उघडून बघणं आणि खाली शिव्या घालणं मात्र थांबवा, मशीनच्या हिशोबात ती आवडच धरली जाते. आणि चांगला रिपोर्ट वाचलात तर लिंक शेजारच्याला पाठवा, स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट आमच्या कुठल्याच आकड्यात येत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्या रिपोर्टरला सांगितलं जातं की तुझं कोणी वाचलं नाही.